कुंकळ्ळीत छत्री मोडली

जुलैत गोव्याला जायचं नाही हे मला माहीत होतं. तरी गेलो, कारण नणंदेला आणि नंदाव्यांना स्वस्तात खोली मिळाली होती आणि चौघांत वाटली की आणखी स्वस्त पडणार होती. स्वस्त का होती ते पहिल्याच रात्री कळलं. भिंतीला ओल होती, उशीला वास होता आणि समुद्रावर लाल बावटा. चार दिवसांपैकी दोन दिवस आम्ही खिडकीत बसून पाऊस बघितला आणि तळलेले बांगडे खाल्ले. त्याबद्दल तक्रार नाही. एक दिवस जुन्या गोव्याला गेलो आणि एक दिवस, म्हणजे खरं तर अर्धाच दिवस, मी आणि नवरा दक्षिण गोव्यातल्या कुंकळ्ळी गावाला गेलो. हे लिहिते आहे ते त्या अर्ध्या दिवसासाठी.

कुंकळ्ळी माझ्या डोक्यात नंदाव्यांनी भरवली. त्यांच्या फोनवर एक मजकूर आला होता. तो त्यांनी जेवताना मोठ्यानं वाचून दाखवला. सन सत्तावन्नच्या पावणेतीनशे वर्षं आधी कुंकळ्ळीच्या वीरांनी पाद्र्यांना कसं कापून काढलं, वगैरे. वाचून झाल्यावर म्हणाले, "आपला खरा इतिहास कुणी सांगत नाही." मी मान डोलावली. खोटं कशाला बोलू, मलाही ऐकायला बरं वाटलं होतं. फक्त एक गोष्ट खुपत होती. आदल्याच दिवशी जुन्या गोव्याच्या से कॅथेड्रलमध्ये मी त्याच पाच पाद्र्यांबद्दल ऐकलं होतं, आणि तिथे ते हुतात्मे होते.

से कॅथेड्रलमध्ये त्यांच्यासाठी कुणी येत नाही. सगळी गर्दी रस्त्यापलीकडच्या बॉम जेझूमध्ये, झेवियरच्या शवपेटीपाशी. पण या पाच जणांचे अवशेष १८६२ पासून या कॅथेड्रलमध्ये आहेत. म्हणजे जे उरलेत ते. रोदोल्फो आक्वाव्हिवा हा त्यांचा प्रमुख. त्याचा उजवा हात १६०० मध्ये रोमला गेला आणि डावा नेपल्सला, जेझुइट या पाद्र्यांच्या संघाच्या कॉलेजला भेट म्हणून. पाशेको नावाच्या दुसऱ्याच्या घरच्यांनी मागणी केली म्हणून त्याचा एक हात आणि एक पाय १६०९ मध्ये युरोपला पाठवला. नवरा म्हणाला, "अगं, हे काय, वाटण्या?" मला हसू आलं आणि लगेच ओशाळल्यासारखंही झालं, कारण आमच्याकडेही अस्थी सात नद्यांत सोडतातच की.

आक्वाव्हिवाशी माझी आणखी एक जुनी ओळख निघाली. दोन वर्षांपूर्वी आम्ही फतेहपूर सिक्रीला गेलो होतो. तिथे अकबराच्या दरबारात १५८० साली गोव्याहून जे जेझुइट आले, त्यांचा म्होरक्या हाच. इटलीतल्या एका ड्यूकचा मुलगा, तिशीतला. तीनेक वर्षं तो तिथे राहिला आणि मुल्लामौलवींशी वाद घालत राहिला. एकदा अशी गोष्ट निघाली की एकानं कुराण घेऊन आणि दुसऱ्यानं बायबल घेऊन आगीत शिरायचं, जो वाचेल त्याचा धर्म खरा. आक्वाव्हिवानं नकार दिला, देवाची अशी परीक्षा बघायची नसते म्हणाला. तिथून तो १५८३ मध्ये गोव्याला परतला, कुंकळ्ळी ज्यात येते त्या दक्षिण गोव्यातल्या साष्टीच्या मिशनचा प्रमुख झाला आणि काही महिन्यांतच कुंकळ्ळीत मारला गेला. बादशहाच्या दरबारात जे झालं नाही ते भाताच्या खाचरात झालं.

मडगावहून काणकोणच्या बाजूची बस धरली की पाऊण तासाच्या आत कुंकळ्ळी. आम्ही आधी पुढे फातर्प्याला गेलो. देवीचं दर्शन आधी, हा नवऱ्याचा नियम. रिक्षावाल्यानं जे भाडं सांगितलं ते ऐकून मी खाली उतरणार होते, पण पाऊस बघून परत बसले.

फातर्प्याच्या देवीचं नाव शांतादुर्गा कुंकळ्ळीकरीण. नावातच पत्ता आहे. ती फातर्प्याची नव्हे, ती कुंकळ्ळीची. पोर्तुगीजांच्या हद्दीबाहेर म्हणून तिला इथे आणलं आणि साडेचारशे वर्षं होत आली तरी ती माहेरचं नाव लावते. गाभाऱ्यासमोर बसले तेव्हा ओल्या साडीनं थंडी वाजत होती आणि शेजारच्या बाईंनी न विचारता मला फुलं दिली. देऊळ स्वच्छ होतं, गर्दी नव्हती, कुणी पावती फाडायला मागे लागलं नाही. आमच्याकडच्या काही देवस्थानांनी इथे येऊन चार दिवस शिकावं.

आता ती का हलली ते सांगते, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही. साष्टी पोर्तुगीजांकडे आली, जेझुइटांना नेमून दिली गेली आणि १५६७ मध्ये साष्टीतली देवळं पाडली गेली. कुंकळ्ळी आणि तिच्या आसपासची गावं, असोळणा, वेळ्ळी, आंबेली, वेरोडा, ही काही ऐकेनात. पाडलेली देवळं परत उभारत आणि कर देत नसत. मग फौजेच्या स्वाऱ्या झाल्या. त्या पाच जणांपैकी पिएत्रो बेर्नो नावाचा पाद्री अशा स्वारीबरोबर गेला होता. देवळं पाडण्यात त्याचा हात होता आणि गावाला पवित्र असलेलं एक वारूळ त्यानं फोडलं, असं खुद्द ख्रिस्ती लेखकच लिहितात. त्यांच्या लिखाणात ते सहज एका ओळीत येतं. पण गोव्यात वारूळ म्हणजे मातीचा ढीग नव्हे. वारूळ म्हणजे सातेरी, म्हणजे भूमी, आणि कितीतरी ठिकाणी हीच सातेरी पुढे शांतादुर्गा झाली. मूर्ती असेल तर ती उचलून रात्रीत नदीपार नेता येते. वारूळ कसं नेणार? मला वाटतं, त्या गावाच्या रागाचं मूळ पडलेल्या देवळात जितकं आहे तितकंच या वारुळात आहे.

परत कुंकळ्ळीला आलो तेव्हा वाऱ्यानं माझी छत्री उलटी झाली आणि दोन काड्या मोडल्या. अशा अवतारात मी त्या दोन स्मारकांसमोर उभी राहिले.

एका बाजूला चॅपेल. पाच जणांचे मृतदेह ज्या विहिरीत टाकले गेले तिची आठवण याच जागेशी जोडलेली आहे. मागाहून त्या विहिरीचं पाणी औषधी म्हणून लोक लांबून येऊन नेत. चॅपेल बंद होतं. जवळच गावकरांचं स्मारक, ज्या म्होरक्यांनी तो हल्ला केला असं मानतात त्यांचं. हे अगदी अलीकडचं, २००३ सालचं. त्याच्यापाशी झेंडूच्या माळा पावसानं भिजून काळ्या पडल्या होत्या. १५ जुलै नुकताच होऊन गेला होता.

मारणारे आणि मेलेले इतके जवळ, दोघांनाही फुलं. मी बराच वेळ तिथे उभी होते. नवरा म्हणाला, "न्यूमोनिया होईल." तरी उभी होते.

त्या दिवशी नक्की काय झालं याबद्दल फारसा वाद नाही. १५ जुलै १५८३ला पाच जेझुइट ओर्लीच्या चर्चमधून निघाले, बरोबर काही ख्रिस्ती माणसं. कुंकळ्ळीत क्रूस उभारायचा आणि चर्चसाठी जागा बघायची, असं ठरलं होतं. गावात बैठक बसली आणि तलवारी, भाले घेऊन लोक चालून आले. गोन्सालो रॉड्रिग्ज नावाच्या पोर्तुगीजानं बंदूक उचलली. पाशेकोनं त्याला थांबवलं, आपण लढायला आलेलो नाही म्हणाला. मग लोकांकडे वळून कोकणीत म्हणाला, भिऊ नका. पुढचं सगळं थोड्या वेळात आटोपलं. ब्रदर आरान्या जखमी होऊन उतारावरून खाली भाताच्या शेतात पडला होता. तो नंतर सापडला. त्याला मूर्तीपुढे नेऊन मान झुकव म्हणाले, तो झुकवेना, तेव्हा झाडाला बांधून बाणांनी मारला.

तारखेची एक गंमत आहे. युरोपात कॅलेंडर सुधारून दहा दिवस गाळले होते, पण ती बातमी गोव्यात अजून पोचायची होती. त्यामुळे गोव्यातला १५ जुलै म्हणजे नव्या गणतीनं २५ जुलै. गोव्याच्या चर्चनं त्यांचा सण २६ जुलैला लावला. गावकरांची आठवण मात्र १५ जुलैलाच होते. म्हणजे घटना एक आणि तिच्या तिथी दोन, मध्ये अकरा दिवस. आम्ही बरोबर त्या मधल्या दिवसांत गेलो होतो, एकांचं उरकलं होतं आणि दुसऱ्यांचं व्हायचं होतं.

या पाच जणांना हुतात्मे ठरवायला रोमला किती वर्षं लागली असतील? चौकशी सुरू झाली १६०० मध्ये. हौतात्म्य सिद्ध झालं असं पोप चौदाव्या बेनेडिक्टनं जाहीर केलं १७४१ मध्ये. आणि 'धन्य' अशी पदवी मिळाली १८९३ मध्ये, तेराव्या लिओच्या काळात. संत तर ते अजूनही नाहीत. शेवटचा दीडशे वर्षांचा खंड समजू शकतो, कारण मध्ये १७५९ मध्ये पोर्तुगालनं जेझुइटांना हाकललं आणि १७७३ मध्ये पोपनं तो संघच बरखास्त केला. संघ १८१४ पर्यंत बंदच होता, मग पाठपुरावा कोण करणार? पण पहिली एकशेएक्केचाळीस वर्षं कशात गेली, त्याचं उत्तर मला फार आवडलं.

चर्चचा नियम असा की माणूस मेला एवढ्यानं तो हुतात्मा होत नाही. त्यानं मरण स्वीकारलेलं असलं पाहिजे, म्हणजे उलट शस्त्र चालवत मेला तर बाद. आणि मारणाऱ्यानं त्याला श्रद्धेच्या द्वेषापोटी मारलेलं असलं पाहिजे. जमिनीसाठी, पैशासाठी, सूड म्हणून मारला असेल तर नाही. बाजू तपासताना शंका काढायला तेव्हा एक अधिकारीच नेमलेला असे, लोक त्याला सैतानाचा वकील म्हणत. बेनेडिक्टनं स्वतः पोप होण्याआधी ते काम केलं होतं, त्यामुळे त्याला शंका कशा काढतात ते पक्कं ठाऊक. आता कुंकळ्ळीचा खटला त्याच्यापुढे ठेवून बघा. पहिल्या अटीत पाशेकोनं बंदूक खाली करायला लावली ती कामाला येते. ती नुसती दयाळूपणाची गोष्ट राहत नाही, तो पुरावा होतो. पण दुसऱ्या अटीत अडतं. गावानं त्यांना ख्रिस्ती म्हणून मारलं, की देवळं पाडणाऱ्या, कर वसूल करणाऱ्या फौजेचे सोबती म्हणून मारलं? बेर्नोनं वारूळ फोडलं होतं, मग हा धर्मद्वेष की सूड?

म्हणजे चर्चमध्ये हुतात्म्याचं प्रमाणपत्र निम्मं खुनी माणसाच्या मनावर अवलंबून असतं. कुंकळ्ळीच्या गावकरांच्या मनात काय होतं याचा कीस रोममध्ये एवढी वर्षं पडत होता. गावकरांना कुणी विचारलं नसेल ते वेगळं.

आम्हा मराठी लोकांना हा वाद नवा नाही. संभाजी महाराज धर्मवीर की स्वराज्यरक्षक यावर काही वर्षांपूर्वी आपल्याकडे विधानसभेपासून पानाच्या टपरीपर्यंत भांडणं झाली. मी तेव्हा कंटाळून टीव्ही बंद केला होता. आता कळतं की प्रश्न तोच होता, औरंगजेबानं त्यांना कशासाठी मारलं, धर्मासाठी की राज्यासाठी? फरक इतकाच की रोममध्ये वकील नेमून, कागद मांडून भांडले आणि आपण पुतळ्याखालच्या पाटीवरून भांडतो.

शब्दही बघा. ख्रिस्ती लोकांचा मार्टीर हा मुळात ग्रीक, त्याचा अर्थ साक्षीदार. अरबीतला शहीद, त्याचाही अर्थ साक्षीदार. म्हणजे दोघांच्याही मनातलं चित्र कोर्टाचं आहे, माणूस उभा राहतो आणि मरूनही जबानी बदलत नाही. आपला हुतात्मा मात्र यज्ञातला. हुत म्हणजे अग्नीत अर्पण केलेला. हा शब्द सावरकरांनी रूढ केला. त्यात साक्ष नाही, आहुती आहे. आहुतीला कुणी विचारत नाही की तुला कशासाठी जाळलं, ती कोणत्या देवतेला दिली एवढंच विचारतात. म्हणून असेल कदाचित, आपल्याकडे मुंबईसाठी मेलेले, देशासाठी मेलेले, धर्मासाठी मेलेले सगळे एकाच शब्दात बसतात आणि देवता बदलली तरी शब्द बदलावा लागत नाही.

गावकरांच्या बाबतीत तेच झालं आहे. हल्ल्यानंतर पोर्तुगीजांनी गावाच्या सोळा म्होरक्यांना बोलणी करायला म्हणून असोळण्याच्या किल्ल्यात बोलावलं आणि तिथे मारलं. एक जण नदीत उडी टाकून निसटला आणि कारवारकडे गेला, असं सांगतात. म्हणजे मेले पंधरा. जमिनी गेल्या, असोळणा-वेळ्ळी-आंबेलीचं उत्पन्न जेझुइटांना मिळालं आणि कुंकळ्ळी-वेरोडा एका पोर्तुगीज सरदाराला. गावकरी, म्हणजे गावची जमीन गावानं मिळून कसायची ती जुनी पद्धत, तिथे मोडली. हे लोक त्यांच्या देवीसाठी, शेतासाठी, न दिलेल्या करासाठी उठले होते. आज त्यांना वसाहतवादाविरुद्धच्या पहिल्या लढ्याचे हुतात्मे म्हणतात. नंदाव्यांच्या फोनवर ते धर्मरक्षक झाले होते. त्यांना स्वतःला यातलं काय पटलं असतं कोण जाणे. बहुधा शेतसारा.

माझी मोडकी छत्री बघून एक म्हातारे गृहस्थ हसले. समोरच्या दुकानाच्या पडवीत बसले होते. "तुमी खंयचे?" मी पुणं सांगितलं. "बस वेळान येतली," म्हणाले आणि बाकावर सरकून जागा दिली. गळ्यात क्रूस. मी जरा संकोचले. हातात फातर्प्याचा प्रसाद होता, कपाळाला कुंकू, आणि नुकतीच त्यांच्या पाद्र्यांना मारणाऱ्यांच्या स्मारकापुढे हात जोडून आले होते. त्यांनी प्रसादाकडे बघितलं आणि विचारलं, "सायबिणीकडेन गेल्लीं?" मी हो म्हटलं. पुडीतली साखर त्यांना द्यावी की नाही याचा मी विचार करत होते, तेवढ्यात त्यांनीच हात पुढे केला.

मग ते अर्ध्या कोकणीत, अर्ध्या मराठीत बोलत राहिले आणि आमची एक बस गेली. गावात गावकरांची बारा कुळं, त्यांना वांगड म्हणतात. हे स्वतः एका वांगडाचे. साडेचारशे वर्षांत काही घरं ख्रिस्ती झाली, काही हिंदू राहिली, वांगड तेच राहिलं. दर वर्षी फाल्गुनात देवी फातर्प्याहून कुंकळ्ळीला, आपल्या मूळ जागी येते. त्या दिवशी बारा वांगडांच्या बारा छत्र्या तिच्यापुढे नाचवत, गुलाल उधळत आणतात. त्याला सांत्रिओ म्हणतात. ख्रिस्ती वांगडकरांचाही त्यात मान असतो.

"आणि २६ जुलैला?" मी विचारलं.

"मिसाक वतां." चर्चच्या प्रार्थनेला जातो, म्हणजे.

"आणि १५ला?"

त्यांनी स्मारकाकडे हनुवटी उडवली. "फुलां."

नवऱ्यानं विचारलं, हे तिन्ही कसं जमतं? त्यांना प्रश्नच कळला नाही. म्हणजे शब्द कळले, पण यात न जमण्यासारखं काय आहे ते कळेना. मला नंतर आठवलं, विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या एका कॅथलिक ज्ञानकोशात या पाच जणांच्या सणाबद्दल लिहिलं आहे की तो कुंकळ्ळीत मोठ्या भक्तीनं साजरा होतो, मारेकऱ्यांचे वंशजही त्यात असतात. लिहिणाऱ्याला तो श्रद्धेचा विजय वाटला असावा. बाकावर बसून तसं काही वाटत नव्हतं. पणजोबांचे खापरपणजोबा आणि गावचे संत, दोघांचीही तिथी घरच्याच कॅलेंडरवर होती.

इथपर्यंत सगळं गोडच चाललं होतं, आणि असं गोड झालं की मला जरा संशय येतो. म्हणून मी त्यांना दोमिंगबद्दल विचारलं.

पुस्तकांत त्याचं नाव डॉमिनिक. त्या दिवशी पाच जेझुइटांबरोबर आणखी पंधरा जण मेले. एक तो बंदूकवाला रॉड्रिग्ज, बाकी चौदा इथलेच ख्रिस्ती. त्यातला अल्फोन्सो हा पाशेकोचा सेवेकरी मुलगा. त्याच्या हातात पाशेकोची प्रार्थनेची पोथी होती आणि ती तो सोडेना. त्याचे हात तोडले, पळू नये म्हणून गुडघ्याच्या शिरा कापल्या. तसाच तो दुसऱ्या दिवसापर्यंत जिवंत होता, मग सापडल्यावर मारला. आणि दुसरा हा डॉमिनिक, खुद्द कुंकळ्ळीचा मुलगा. राशोलला जेझुइटांकडे शिकत होता. पाद्र्यांबरोबर आला होता आणि देवळं कुठे कुठे आहेत ते त्यानं त्यांना दाखवलं होतं. त्याला त्याच्याच चुलत्यानं किंवा मामानं मारलं. इंग्रजीत नुसतं 'अंकल' लिहिलं आहे, आणि त्या भाषेला फरक पडत नाही. आपल्याला पडतो.

या पंधरांपैकी कुणालाही 'धन्य' केलेलं नाही. त्या वेळच्या आर्चबिशपपुढे त्यांचं नाव ठेवलंच गेलं नाही. पुढे एका जेझुइट लेखकानं लिहून ठेवलं की तसं का झालं ते ठरवायला आता काही साधन नाही, आणि देवानंही त्यांच्यासाठी काही खास खूण दाखवलेली नाही. हे वाक्य मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुस्तक मिटलं होतं. पोथी न सोडता हात तुटलेल्या पोराला आणखी काय खूण द्यायची राहिली होती? पाच युरोपीय पाद्र्यांच्या हाडांच्या वाटण्या झाल्या, ती बोटीनं गेली, खटले चालले. अल्फोन्सोला मडगावच्या चर्चमध्ये पुरलं, एवढंच.

आणि डॉमिनिक तर कुठेच बसत नाही. गावाच्या बाजूनं बघा, तो फितूर, देवीचं घर दाखवणारा. चर्चच्या बाजूनं बघा, तो सोबत आलेला एक मुलगा. त्याच्या श्रद्धेची परीक्षा कुणी मूर्तीपुढे उभं करून घेतली नाही, तेवढाही वेळ त्याला मिळाला नाही. घरच्या माणसानं मारलं तर तो श्रद्धेचा द्वेष की घराण्याची लाज? सैतानाच्या वकिलाला इथे फार कष्ट पडले नसते. नंदावे दोन दिवस मला विचारत होते, "पण म्हणजे यात आपले कोण?" मला त्यांचा राग येत होता. पण खरं सांगायचं तर फतेहपूर सिक्रीपासून कुंकळ्ळीपर्यंत मीही तेच शोधत होते, फक्त जरा जास्त पुस्तकं वाचून. डॉमिनिकपाशी मला ते सांगता येईना.

म्हाताऱ्यांना पंधरा जण मेले ते माहीत होतं, मुलाची गोष्टही थोडी माहीत होती. मी म्हटलं, चुलता होता की मामा ते लिहिलेलं नाही. ते बराच वेळ रस्त्याकडे बघत राहिले. पाऊस आता तिरका येत होता आणि आमचे पाय भिजत होते.

"चुलतोच," म्हणाले. मग म्हणाले, "मामा दुसऱ्या वांगडाचा असता. त्याला काय पडलंय?"

आणि मग, माझ्याकडे न बघता, "म्हणजे आमच्यातलाच कोण तरी."

त्यातलं 'आमच्यातला' कुठल्या आमच्यातला, हे मी विचारलं नाही. मडगावची बस आली. त्यांनी आपली छत्री उघडली, मोठी, काळी, लाकडी मुठीची, आणि मला बसच्या पायरीपर्यंत सोडलं. नवरा मागून भिजत आला.